बर्फाचा प्रश्न एकटा विचारू नका



एका प्रयोगवहीची गोष्ट सांगतो. मे महिन्याच्या सुटीत मी कोरेगावला थोरल्या भावाकडे गेलो होतो. त्याची मुलगी नुकतीच नववी पास झाली होती. तिची विज्ञानाची प्रयोगवही सहज चाळत असता एका पानावर माझी नजर थांबली. प्रयोग तुम्हा सर्वांच्या ओळखीचा आहे. पाण्याच्या पेल्यात बर्फाचा तुकडा टाकायचा, पातळीची खूण करायची आणि बर्फ वितळल्यावर पातळी पुन्हा पाहायची. तिने निरीक्षणात लिहिले होते, "बर्फ वितळल्यावर पाण्याची पातळी १ सेंमीने वाढली." या वाक्यावर तांबड्या शाईची रेघ होती आणि वर शिक्षकांच्या हाताने लिहिले होते, "पातळी बदलत नाही."

मी तिला विचारले, "तू खरेच पाहिले होतेस, की अंदाजाने लिहिलेस?"

ती म्हणाली, "काका, मी पट्टी लावून मोजले होते. पातळी वाढलीच होती. पण पुस्तकात वाढत नाही असे आहे, म्हणजे माझेच काहीतरी चुकले असणार."

मी म्हणालो, "चुकले असेल तर काय चुकले ते तरी पाहू. जसा केला होतास, अगदी तसाच प्रयोग पुन्हा कर."

तिने घरातला सरळ उभ्या बाजूंचा काचेचा पेला आणला. त्याचे आतले क्षेत्रफळ आम्ही मोजले, ते ४० चौरस सेंमी भरले. त्यात तिने साडेतीन सेंमी उंचीपर्यंत पाणी घेतले. बर्फ तिने स्टीलच्या उभ्या अरुंद पेल्यात पाणी घालून गोठवला होता, त्यामुळे तो लांबट ढेकळासारखा होता. त्याचे वजन १०० ग्रॅम होते. तो पेल्यात सोडताच पाणी ५ सेंमीच्या खुणेवर आले. तासाभराने बर्फ पुरता वितळला तेव्हा पाणी ६ सेंमीवर होते. पातळी १ सेंमीने वाढली होती. तिचे निरीक्षण अचूक होते.

मग पुस्तक खोटे का? तेही नाही. मी तिला म्हणालो, "बर्फ टाकल्यावर पातळी किती चढली?" ती म्हणाली, "दीड सेंमी." दीड सेंमी गुणिले ४० चौरस सेंमी म्हणजे ६० घन सेंमी. याचा अर्थ बर्फाने ६० घन सेंमी पाणी बाजूला सारले. इतक्या पाण्याचे वजन ६० ग्रॅम. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे तुम्ही शिकला आहात. बर्फ तर १०० ग्रॅमचा होता. मग उरलेल्या ४० ग्रॅमचे ओझे कोण उचलत होते? पेल्याचा तळ! पाणी उथळ होते आणि बर्फ लांब. तो तरंगत नव्हता, तिरका होऊन तळावर टेकला होता. वितळल्यावर १०० ग्रॅम बर्फाचे १०० घन सेंमी पाणी झाले. ६० ची जागा आधीच व्यापलेली होती, जास्तीच्या ४० घन सेंमीने पातळी ४० चौरस सेंमीच्या पेल्यात बरोबर १ सेंमी चढवली.

दुसऱ्या खेपेला आम्ही पाणी ५ सेंमी घेतले आणि तितक्याच वजनाच्या बर्फाचे दोन तुकडे करून सोडले. आता ते मोकळे तरंगत होते. पातळी साडेसातवर गेली. अडीच सेंमी गुणिले ४० म्हणजे १०० घन सेंमी, म्हणजेच बर्फाचे सगळे वजन पाण्याने उचलले होते. बर्फ वितळला तरी पाणी साडेसातवरच राहिले.

एवढ्याने काम झाले असे मला वाटले. पण खरी गंमत पुढे झाली, आणि तीमुळेच हा लेख लिहायला बसलो.

काहिलीतले दगड

भावाच्या परसात गुऱ्हाळाची एक जुनी काहील उपडी पडली होती. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस आटवून गूळ करण्यासाठी चुलवाणावर जी भलीमोठी, गोल, पसरट लोखंडी कढई ठेवतात ती काहील. कृष्णाकाठी पूर आला आणि होडी हाताशी नसली की लोक हीच काहील पाण्यात सोडून तिच्यातून माणसे पलीकडे नेत आले आहेत. लोखंडाची असूनही ती तरंगते, कारण आतून पोकळ आणि पसरट आहे. थोडी बुडताच ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते.

ती काहील पाहून मी पुतणीला विचारले, "समज, ही काहील शेतातल्या हौदात तरंगते आहे आणि तिच्यात दगड भरले आहेत. ते दगड काहिलीतून हौदाच्या पाण्यात टाकले, तर हौदाची पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील?"

तिने क्षणभरही विचार न करता उत्तर दिले, "तेवढीच राहील. दगड आधीही हौदातच होते, नंतरही हौदातच आहेत. बर्फासारखेच."

"बर्फासारखेच" हा शब्द ऐकला आणि तांबड्या रेघेचे खरे नुकसान माझ्या लक्षात आले. पातळी बदलत नाही हे तिने आर्किमिडीजच्या तत्त्वाचा उपयोग म्हणून शिकलेच नव्हते, पाण्याचा जणू स्वभाव म्हणून पाठ केले होते. म्हणून जिथे तो लागू पडत नाही तिथेही तिने तो लावला.

चला, हिशेब करू. हौद लांबीरुंदीला ३ मीटर समजा, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. आपल्या भागातला काळा पाषाण पाण्याच्या सुमारे २.८ पट जड असतो. असे २५२ किलो दगड काहिलीत आहेत. काहील त्यांच्यासह तरंगते आहे, म्हणून दगडांपायी बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन २५२ किलो, म्हणजे ते पाणी २५२ लिटर. ९ चौरस मीटरच्या हौदात २५२ लिटर म्हणजे पातळी २.८ सेंमी वर.

आता दगड पाण्यात टाकले. ते बुडून तळाशी बसले. बुडालेला दगड आपल्या वजनाइतके पाणी सारू शकत नाही, फक्त आपल्या आकारमानाइतके सारतो. २५२ भागिले २.८ म्हणजे ९० लिटर. पातळीवर याचा परिणाम १ सेंमी. म्हणजे दगड काहिलीत असताना त्यांच्यामुळे पाणी २.८ सेंमी चढले होते, तळाशी गेल्यावर फक्त १ सेंमी चढलेले उरले. हौदाची पातळी १.८ सेंमीने उतरली.

पुतणीला हे पटायला वेळ लागला. तिचा आक्षेप रास्त होता. ती म्हणाली, "दगड आता पुरते पाण्यात आहेत. आधी तर ते पाण्याला शिवलेसुद्धा नव्हते. मग आता पाणी जास्त चढायला हवे." हा आक्षेप तुमच्याही मनात आला असेल. त्याचे उत्तर असे, की दगड पाण्याला शिवले नव्हते, पण त्यांचे ओझे शिवले होते. त्या ओझ्याने काहील पाण्यात आणखी खोल दाबली गेली होती आणि तेवढी पोकळ जागा पाण्यात तयार झाली होती. दगड काढताच काहील वर उचलली गेली आणि २५२ लिटरची ती पोकळी भरून आली. त्या बदल्यात दगडांनी तळाशी ९० लिटर जागा घेतली.

हा प्रश्न सोपा नाही, म्हणून चुकलात तर खंत करू नका. भौतिकशास्त्रातल्या कोड्यांचा प्रसिद्ध संग्रह करणारे अमेरिकन प्राध्यापक जर्ल वॉकर यांनी लिहून ठेवले आहे, की होडीतला दगड पाण्यात टाकण्याचा हाच प्रश्न जॉर्ज गॅमो, रॉबर्ट ओपेनहायमर आणि फेलिक्स ब्लॉक यांना विचारला होता आणि तिघांचेही उत्तर चुकले. यांतल्या ब्लॉक यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. घाईत दिलेले उत्तर मोठ्यांचेही चुकते.

ओझे कोण उचलते?

आता बर्फाचा पेला आणि दगडांचा हौद शेजारी शेजारी ठेवून पहा. तळावर टेकलेल्या बर्फाचे ४० ग्रॅम ओझे आधी तळ उचलत होता. वितळल्यावर ते पाण्यात मिसळले आणि पातळी ४० घन सेंमीइतकी चढली. हौदातल्या दगडांचे सगळे ओझे आधी पाणी उचलत होते. बुडाल्यावर पाणी त्यांतले फक्त ९० किलो उचलते, उरलेले १६२ किलो हौदाचा तळ उचलतो. आणि पातळी उतरली तीही बरोबर १६२ लिटरइतकी! (१६२ लिटर भागिले ९ चौरस मीटर म्हणजे १.८ सेंमी.)

म्हणजे दोन्ही प्रश्नांना एकच किल्ली आहे. पातळीचा प्रश्न आला की "पातळी काय होईल?" असे एकदम विचारू नका. "ओझे आधी कोण उचलत होते आणि नंतर कोण उचलते?" असे विचारा. पाण्याने उचललेले ओझे तळाने घेतले, तर जितके किलो घेतले तितके लिटर पातळी उतरते. तळाचे ओझे पाण्याकडे गेले, तर तितकीच चढते. कोणाचेच ओझे बदलले नाही, तर पातळी हलत नाही. मोकळ्या तरंगणाऱ्या बर्फाचे तसेच होते. वितळण्याआधी त्याचे १०० ग्रॅम पाण्याच्या माथी होते, वितळल्यावर तेच १०० ग्रॅम पाणी होऊन पाण्यातच राहिले. बर्फाने पाण्यात जेवढा खड्डा पाडला होता, तेवढाच खड्डा त्याच्या वितळलेल्या पाण्याने तंतोतंत भरला.

ही किल्ली हाती आली, की प्रश्न बदलला तरी अडत नाही. काहिलीतून दगडांऐवजी लाकडाचे ओंडके टाकले तर? ते तरंगतात, ओझे पाण्याकडेच राहते, पातळी बदलत नाही. दगड पाण्यात न टाकता हौदाच्या काठावर उतरवले तर? मग सगळेच ओझे पाण्यावरून गेले, पातळी पूर्ण २.८ सेंमीने उतरेल. आणि बर्फात लोखंडाचा नट गोठवला असेल तर? हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण इथे बर्फ हीच होडी असते. १०० ग्रॅम बर्फात ५ ग्रॅमचा नट असला तरी तो सगळा तुकडा तरंगतो. बर्फ वितळला, की होडी नाहीशी होते आणि माल तळाशी जातो. नट पाण्यात सुमारे ०.६ घन सेंमी जागा घेतो, म्हणून त्याचे सुमारे ४.४ ग्रॅम ओझे तळ उचलतो. पातळी ४.४ घन सेंमीने, म्हणजे आपल्या ४० चौरस सेंमीच्या पेल्यात मिलिमीटरभर उतरते. तुकडा बर्फाचाच आहे, पण उत्तर "बदलत नाही" नव्हे!

घरी करून पहा

भरलेली काहील हौदात सोडण्याचा खटाटोप आम्ही केला नाही, तुम्हीही करू नका. विहिरीत किंवा शेततळ्यात तर मुळीच नको. हा प्रयोग स्वयंपाकघरात उत्तम होतो. उभ्या बाजूंचे, २४ सेंमी व्यासाचे खोल पातेले घ्या. त्यात निदान १० सेंमी पाणी भरा. होडी म्हणून सपाट तळाचा, सुमारे १५ सेंमी व्यासाचा स्टीलचा डबा घ्या आणि माल म्हणून दुकानदाराकडचे एक किलोचे लोखंडी वजन. वजन डब्याच्या अगदी मधोमध ठेवा, कडेला ठेवलेत तर डबा कलंडतो. पाणी स्थिर झाले की पातेल्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने खूण करा. मग वजन दोऱ्याने अलगद उचलून पाण्यात सोडा. रिकामा डबा पाण्यावर तरंगतच राहू द्या. तो बाहेर काढलात तर हिशेब बिघडेल.

काय दिसायला हवे, ते आधी कागदावर मांडा. डब्यात असताना वजनापायी १००० घन सेंमी पाणी सरते. बिडाचे लोखंड पाण्याच्या सुमारे ७.२ पट जड, म्हणून बुडाल्यावर सुमारे १३९ घन सेंमी सरते. फरक ८६१ घन सेंमी. पातेल्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५२ चौरस सेंमी. म्हणजे पातळी जवळजवळ १.९ सेंमीने उतरायला हवी. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. बर्फाच्या प्रयोगात काहीच होत नाही हे पाहायचे असते, आणि काहीच होत नाही हे पाहणे नेहमीच अवघड. होडीच्या प्रयोगात काहीतरी घडते आणि किती घडणार ते आधी सांगता येते.

समजा, उतार १.९ ऐवजी १ सेंमीच आला, तर? घाबरून वहीत १.९ लिहू नका. आधी डबा तळावर टेकला होता का ते पहा. एक किलोच्या ओझ्याने १५ सेंमीचा डबा साडेपाच सेंमीहून थोडा अधिक बुडतो, डब्याच्या स्वतःच्या वजनाने आणखी थोडा. पाणी उथळ असेल तर तो टेकतो आणि ओझ्याचा काही भाग सुरुवातीपासूनच तळ उचलू लागतो. माझ्या पुतणीच्या बर्फाचे जे झाले, तेच! टेकणे ओळखण्याची खूण सोपी आहे. डब्याला बोटाने हळूच ढकला. तो सहज सरकला आणि डोलला तर तरंगतो आहे. घासल्यासारखा अडला तर टेकला आहे. बर्फाच्या तुकड्यालाही हीच परीक्षा लावा.

बर्फाच्या प्रयोगात आणखी दोन गोष्टी फसवतात. पेला काठोकाठ भरून "पाणी सांडले नाही, म्हणून पातळी वाढली नाही" असा निष्कर्ष काढण्याची पद्धत आहे. पण पाण्याचा पृष्ठभाग काठाच्या थोडा वर फुगून राहू शकतो, त्यामुळे थोडीशी वाढ लपून जाते. म्हणून खूण पेल्याच्या मध्यावर हवी. दुसरे म्हणजे थंड पेल्याच्या बाहेरून हवेतले बाष्प थेंबांच्या रूपाने जमते आणि ते पाहून पाणी सांडले असे वाटते. बाहेरची बाजू कोरडी पुसा आणि मगच पातळी वाचा.

मर्यादा कुठे आहे?

आपली किल्ली एका अटीवर चालते. आधीचे पाणी आणि वितळून आलेले पाणी एकाच घनतेचे हवे. बर्फ गोड्या पाण्याचा आणि पेल्यात मीठ विरघळवलेले दाट पाणी असेल, तर काय होईल? मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेले पाणी साध्या पाण्याच्या सुमारे १.२ पट जड असते. त्यात १०० ग्रॅम बर्फ तरंगायला ८३ घन सेंमी पाणी सारले तरी पुरते. पण वितळल्यावर त्याचे १०० घन सेंमी पाणी होते. जास्तीचे सुमारे १७ घन सेंमी आपल्या पेल्यात पातळी ४ मिलिमीटरने चढवतात. ओझे तेवढेच आहे, पण ते आता हलक्या पाण्याच्या रूपात आहे आणि हलक्या पाण्याला जागा जास्त लागते.

समुद्राचे पाणी इतके खारे नसते. ते साध्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्केच जड आहे. त्यामुळे समुद्रावर तरंगणारा एक किलो बर्फ वितळला, तर सुमारे २४ घन सेंमी पाणी जास्तीचे होते. थोडे आहे, पण शून्य नाही.

इथे आपण पेल्यातून एकदम महासागरात आलो, आणि तसे यायलाच हवे. समुद्राची पातळी वाढते आहे ही बातमी तुम्ही वाचता. तिच्यावर दोन प्रकारची माणसे दोन चुकीची विधाने करतात. एक म्हणतो, "उत्तर ध्रुवावरचा तरंगता बर्फ वितळला की शहरे बुडणार." दुसरा हसून म्हणतो, "पेल्यातला बर्फ वितळून पाणी वाढत नाही हे शाळकरी पोराला ठाऊक आहे, मग समुद्र कसा वाढेल?" दोघांनीही बर्फाचा प्रश्न एकटाच शिकलेला असतो. ओझे कोण उचलते, हे दोघांनीही विचारलेले नसते.

ते आपण विचारू. उत्तर ध्रुवाजवळ समुद्राच्या पाण्यावर गोठलेला बर्फ म्हणजे आपल्या पेल्यातला मोकळा तुकडा. त्याचे ओझे समुद्र आधीच उचलतो आहे. जगातला सगळा तरंगता बर्फ वितळला तरी खारेपणाच्या त्या फरकामुळे समुद्र सुमारे ४ सेंमीच चढेल, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. पण ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका यांवरचा बहुतेक बर्फ खडकावर बसला आहे. त्याचे ओझे जमीन उचलते. तो काठावर ठेवलेला माल आहे, अजून होडीत आलेला नाही. ग्रीनलँडवरचा सगळा बर्फ समुद्रात गेला, तर पातळी सुमारे ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकावरचा गेला तर सुमारे ५८ मीटर. हे उद्या होणार नाही, त्याला फार मोठा काळ लागेल. पण ४ सेंमी आणि ७ मीटर यांतला फरक कशाचा, तर आधी ओझे कोणाच्या माथी होते याचा.

आणि एक बारकावा लक्षात ठेवा. जमिनीवरचा बर्फ घसरून समुद्रात तरंगू लागला, की पातळी त्याच क्षणी चढते. तो वितळण्याची वाट पाहत नाही. आपण ५ सेंमी पाण्यात बर्फ सोडला तेव्हा पाणी साडेसातवर लगेच गेले होते, वितळल्यावर नव्हे.

या दोन्ही बर्फांवर आपल्या देशाची माणसे राहिली आहेत. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९८३-८४ मध्ये उभारलेले आपले पहिले केंद्र, दक्षिण गंगोत्री, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर होते. ते पुढे हिमात गाडले गेले. नंतरचे मैत्री केंद्र १९८९ साली उभे राहिले, ते खडकाळ जमिनीवर. दक्षिण गंगोत्रीखालचा बर्फ वितळला तर समुद्र त्याची फारशी दखल घेणार नाही. मैत्रीच्या दक्षिणेला जमिनीवर चढत गेलेला बर्फ वितळला तर घेईल. मात्र तरंगता थर निरुपयोगी आहे असे समजू नका. तो पाठीमागच्या जमिनीवरील हिमनद्यांना बूच लावल्यासारखा अडवून धरतो. २००२ साली अंटार्क्टिकातला लार्सन-बी हा तरंगता थर फुटला, आणि त्याच्या मागच्या हिमनद्या अधिक वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या. थर फुटल्याने पातळी चढली नाही, पण काठावरचा माल होडीत येण्याची वाट मोकळी झाली.

माझे म्हणणे

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. शाळेत बर्फाचा प्रश्न एकटा विचारू नये. त्याच्या जोडीला होडीतल्या दगडाचा प्रश्न त्याच तासाला विचारावा आणि नट गोठवलेल्या बर्फाने दोघांची गाठ मारावी. उत्तरपत्रिकेत "बदलत नाही" या दोन शब्दांना गुण देऊ नयेत. आधी ओझे कोणी उचलले, नंतर कोणी, हे लिहिले असेल तरच द्यावेत.

यावर शिक्षक म्हणतील, "वर्गात साठ मुले, तासिका चाळीस मिनिटांची, आणि बर्फ आणायचा कुठून?" ही अडचण खरी आहे. पण होडीच्या प्रयोगाला बर्फ लागतच नाही. पातेले, डबा आणि वजन एवढेच लागते आणि प्रयोग पाच मिनिटांत आटोपतो. उलट बर्फ वितळायलाच तासिका संपते, म्हणून बहुतेक ठिकाणी तो वितळण्याआधीच निष्कर्ष फळ्यावरून उतरवून घेतला जातो. दुसरे कोणी म्हणतील, की इतक्या भानगडी सांगितल्या तर मुले गोंधळतील. माझ्या पुतणीचा गोंधळ भानगडी सांगितल्याने झाला नव्हता. तिला दिसलेली एक भानगड कोणी सोडवली नाही, म्हणून झाला होता.

तुमच्याकडून मात्र मला एक हवे आहे. बर्फाच्या प्रयोगात वहीत दोन नव्हे, तीन उंची लिहा: बर्फ टाकण्याआधीची, टाकल्यावरची आणि वितळल्यावरची. पहिल्या दोन उंचींतला फरक गुणिले पेल्याचे क्षेत्रफळ, हे बर्फाच्या वजनाइतके आले तर बर्फ खरोखर तरंगत होता. कमी आले तर तो टेकला होता, आणि मग पातळी वाढलेली दिसेल, ती दिसायलाच हवी. दिसले ते लिहा आणि कारण शोधा.

मी कोरेगावहून निघालो त्या दिवशी पुतणीने तेच पान पुन्हा उघडले. तांबडी रेघ तशीच होती, ती तिने खोडली नाही. तिच्याखाली तिने बारीक अक्षरांत लिहिले, "पाणी ३.५ सेंमी, बर्फ टाकल्यावर ५ सेंमी, वितळल्यावर ६ सेंमी. बर्फ तळावर टेकला होता. ४० ग्रॅम ओझे तळ उचलत होता." शाळा उघडली की हे ती शिक्षकांना दाखवणार आहे.